मिठागरातलं ऊन आणि काकांचा तळहात

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पेणजवळच्या एका मिठागरात आम्ही छोटा माहितीपट चित्रित करत होतो. दुपारचे साडेबारा. खाली पांढरं मीठ, बाजूला चकाकणारं पाणी आणि डोक्यावर सूर्य. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात मला काका मीठ ओढताना दिसायला हवे होते, पण स्पष्ट दिसत होता तो माझाच पांढरा शर्ट आणि टोपी. डोळे बारीक करून पाहिलं तर चित्र काळवंडलेलं वाटलं. म्हणून ॲपर्चर एक स्टॉप उघडलं. तरी समाधान होईना, आणखी एक स्टॉप उघडलं. मग कुठे काकांचा चेहरा ‘बरा’ दिसला.

रात्री घरी संगणकावर फुटेज लावलं. मिठाच्या राशींच्या जागी पांढऱ्या कागदाचे कपटे चिकटवल्यासारखे डाग होते. ना दाणा, ना उतार, ना सावली. संकलन करणाऱ्या मित्रानं उजळपणा कमी करून पाहिला, तेव्हा पांढरे डाग राखाडी डाग झाले. सेन्सरचा एकेक बिंदू म्हणजे एक वाटी धरली तर ती काठोकाठ भरल्यावर वरून किती सांडलं हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सगळ्या जवळच्या शॉट्समध्ये काकांच्या टोपीची कड धारदार होती आणि डोळे मऊ. एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी मार.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, ते थोडं गणित करून.

पडद्याची उजळी ‘निट’ या एककात मोजतात. कॅमेऱ्यांच्या मागचे बरेचसे पडदे काही शे निटांचे असतात. आता भर उन्हाकडे पाहा. दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्यात उभ्या असलेल्या माणसाचा पांढरा शर्ट जवळपास २५,००० निटांनी चमकतो. पडद्यावरची साधी काच समोरच्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. म्हणजे माझ्या शर्टाचं प्रतिबिंबच १,००० निटांचं, आणि त्याच्या खालून ७०० निटांचा पडदा मला काका दाखवायला धडपडतोय. चित्रातले उजळ भाग कसेबसे टिकतात, पण गडद भाग त्या प्रतिबिंबात पार बुडतात. म्हणून चित्र आहे त्यापेक्षा काळं वाटतं आणि हात आपोआप ॲपर्चरकडे जातो. मी दोन स्टॉप उघडले ते याच फसवणुकीत.

हेच गणित काळा टी-शर्ट घालून केलं की उत्तर बदलतं. काळं कापड पडलेल्या प्रकाशातला पाचेक टक्के भागच परत देतं. त्याचं पडद्यातलं प्रतिबिंब ६० निटांच्या आसपास येतं. दुसऱ्या फेरीला मी काळा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घातला. उकाड्यानं जीव गेला, पण पडदा दिसला. सोबत आजोबांच्या काळातली काळ्या कापडाची छत्री घेतली होती. ती सहायकानं माझ्या पाठीमागून अशी धरली, की पडद्यात आकाशाऐवजी छत्रीचा आतला काळा भाग उमटेल. पडद्यावर नुसती सावली पाडून भागत नाही. पडद्याला समोर काय दिसतंय ते महत्त्वाचं, आणि ते काळं हवं. जुने स्टुडिओवाले काळ्या कापडात डोकं खुपसून काचेवरचं चित्र पाहायचे, त्यामागचा हिशेब हाच.

उजळी वाढवायची ती अर्थातच वाढवायची. सोनीच्या बहुतेक अल्फा कॅमेऱ्यांत मॉनिटरच्या उजळीखाली Sunny Weather अशी वेगळी पायरी असते. ती हाताने ठरवायच्या पायऱ्यांच्याही वर जाते. काही कॅमेऱ्यांत विशिष्ट रेकॉर्डिंग सुरू झालं की पडदा आपोआप मंद होतो किंवा ही पायरी मिळतच नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरीच रेकॉर्ड दाबून पाहावं. उजळी ‘ऑटो’वर मात्र ठेवू नये. ढग आला, छत्री हलली की पडदा स्वतःहून वरखाली होतो आणि चित्रातला बदल प्रकाशामुळे झाला की पडद्यामुळे, हेच कळेनासं होतं. पूर्ण उजळीचा पडदा बॅटरी भराभर खातो आणि कॅमेऱ्याच्या उष्णतेतही भर घालतो. दोन टेकमध्ये छत्री कॅमेऱ्यावर धरायची, आपल्या डोक्यावर नाही.

गॉगलचं एक सांगायला हवं. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर कॅमेरा आडव्याचा उभा करताना एखाद्या कोनात पडदा साफ काळा होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बॅटरी काढून पुन्हा घातली होती. सहायकानं माझ्या नाकावरचा गॉगल काढला आणि कॅमेरा ‘दुरुस्त’ झाला.

ज्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर आहे, त्याला उन्हात मागच्या पडद्याची फारशी गरजच नाही. डोळ्याभोवतीचं रबर ऊन अडवतं. फक्त शेजारची छोटी चकती फिरवून त्यातली अक्षरं आपल्या नजरेला स्पष्ट दिसतील अशी आधी लावून घ्यावी. ती चुकली असेल तर चित्र फोकसमध्ये असूनही धूसर दिसतं आणि आपण लेन्सशी भांडत बसतो. आणि कॅमेरा खाली ठेवताना व्ह्यूफाइंडरचं भिंग सूर्याकडे ठेवायचं नाही. शाळेत आपण भिंगानं कागद जाळायचो, तसाच आतला पडदा जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

एवढं करून पडदा दिसायला लागला. पण मागच्या पडद्याची उजळी आणि रेकॉर्ड होणारं चित्र यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उजळी वाढवली म्हणून फुटेज उजळ होत नाही. पडदा जास्तीत जास्त उजळ करून संध्याकाळी घराच्या ओसरीत शिरलात, तर तेच चित्र भसाभस उजळ दिसेल आणि तुम्ही ॲपर्चर बंद करून फुटेज काळं करून आणाल. म्हणून उन्हात पडदा फक्त चौकटीत कोण कुठे आहे हे पाहण्यासाठी. प्रकाश किती, हे त्याला विचारायचं नाही. त्यासाठी फॉल्स कलर.

फॉल्स कलर म्हणजे चित्रातल्या उजळपणाच्या ठरावीक पट्ट्यांना ठरावीक रंग देणं. खरे रंग नाहीसे होतात, चित्र कृष्णधवल होतं आणि त्यावर निवडक उजळपणाचे भाग रंगतात. ॲरीच्या कॅमेऱ्यांमुळे रूढ झालेली पट्टी बरेच जण वापरतात. अगदी काळं, तपशील गेलेलं ते जांभळं. त्याच्या जरा वर निळं. मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत देणारी वस्तू, हिरवी. तिथून एक स्टॉप वर गुलाबी. अगदी टोकाजवळ पोचलेलं पिवळं आणि टोक ओलांडलेलं लाल. ॲरीच्या पट्टीत हिरवा ३८ ते ४२ टक्क्यांवर आणि गुलाबी ५२ ते ५६ टक्क्यांवर लागतो. मधल्या जागा राखाडीच राहतात. उन्हात याचा मोठा फायदा असा की पडदा अर्धा पुसलेला असला तरी गुलाबी आणि लाल यांतला फरक डोळ्याला कळतो. राखाडीच्या दोन छटांतला कळत नाही.

दुसऱ्या फेरीला भाड्यानं ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ६के प्रो घेतला होता. त्याचा पडदा १,५०० निटांचा आहे, फॉल्स कलर आत आहे आणि २, ४, ६ स्टॉपचे एनडी फिल्टर कॅमेऱ्यातच बसवलेले आहेत. एनडी म्हणजे लेन्सला घातलेला गॉगल. रंग न बदलता नुसता प्रकाश कमी करतो.

घरून निघतानाच हिशेब मांडला होता. फोटोग्राफीतला जुना आडाखा असा की स्वच्छ उन्हात f/16 ठेवलं तर शटर ISO च्या आकड्याइतकं ठेवायचं. ISO 400 ला शटर १/४००. पण सेकंदाला २५ चौकटी घेताना हालचाल नैसर्गिक दिसायची तर शटर १/५० लागतं. तिथेच तीन स्टॉप प्रकाश जास्त झाला. मला ॲपर्चर f/5.6 हवं होतं, ते f/16 पेक्षा तीन स्टॉप उघडं. तीन आणि तीन सहा. कॅमेऱ्यातला सहा स्टॉपचा एनडी नेमका इथे बसतो. तो प्रकाशाचा ६४वा भागच आत सोडतो.

आगरात पोचल्यावर काकांना म्हटलं, “काका, जरा तळहात दाखवता?”

“कशाला? हात बघताय काय?”

“हो, पण रंग बघतोय, नशीब नाही.”

तळहातच का, याला कारण आहे. माणसाचा चेहरा गोरा, सावळा, काळा असतो. तळहातात मात्र माणसामाणसांत तेवढा फरक पडत नाही. बहुतेकांचा तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. प्रकाश मोजायला राखाडी कार्ड नसलं की फोटोग्राफर मंडळी जुन्या काळापासून तळहात मोजून एक स्टॉप उघडत आली आहेत. फॉल्स कलरच्या भाषेत सांगायचं तर उन्हातला तळहात गुलाबी व्हायला हवा.

काकांनी हात पुढे केला, दान घेतल्यासारखा आकाशाकडे. पडद्यावर तळहात छान गुलाबी झाला. आडाखा जुळला. मग म्हटलं, आता ‘थांब’ म्हणताना करतो तसा माझ्याकडे उभा धरा. तळहात हिरवा झाला! ऊन तेच, ॲपर्चर तेच. दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे आडव्या गोष्टींवर पूर्ण प्रकाश पडतो आणि उभ्या गोष्टींवर तिरपा, कमी. मीठ आडवं पसरलेलं आणि चेहरा उभा. दोघांना एकच प्रकाश मिळत नव्हता, आणि निवड मला करायची होती.

मी ॲपर्चर अर्धा स्टॉप उघडलं आणि आता चेहऱ्याकडे नाही, मिठाच्या राशीकडे पाहिलं. सूर्याकडच्या उताराचा राखाडी उजळला, पण पिवळा झाला नाही. मीठ पडलेल्या प्रकाशातला बहुतेक भाग परत देतं, म्हणजे मध्यम राखाडीपेक्षा दोन-सव्वादोन स्टॉप वर. त्यात अर्धा धरला तरी पिवळ्याच्या खालीच. लाल झाले ते फक्त पाण्यावरचे सूर्याचे ठिपके. ते लाल होणारच. प्रत्यक्ष सूर्याच्या प्रतिबिंबात तपशील शोधायला गेलात तर बाकी सगळं काळं होईल. लाल रंग कुठे दिसला यापेक्षा तो कशावर दिसला ते पाहायचं. पाण्याच्या ठिपक्यावर असेल तर असू द्या. राशीवर, धोतरावर, कपाळावर असेल तर ॲपर्चर बंद करा.

काकांचा चेहरा कुठे आला? गालावर हिरव्याचे चट्टे, टोपीखाली त्याहून खालचा राखाडी. इथे एक चूक अगदी सहज होते. फॉल्स कलरच्या बऱ्याच माहितीपत्रकांत गुलाबी म्हणजे त्वचा असं लिहिलेलं असतं, पण ती त्वचा गोऱ्या युरोपीय माणसाची. आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा गुलाबी करायचा हट्ट धरला, तर मी आणखी एक स्टॉप उघडला असता, राशींचा उन्हाकडचा उतार पिवळ्याच्या दिशेनं सरकला असता आणि काका जसे आहेत तसे दिसले नसते. सावळ्या चेहऱ्यावर हिरवा आणि त्याच्या खालचा राखाडी मला बरोबर वाटतो. टोपीखालचे डोळे जांभळे किंवा निळे झालेले नाहीत ना, एवढं पाहावं. मिठागरात त्याचीही फारशी चिंता नसते, कारण पांढरं मीठ खालून प्रकाश उडवतं आणि टोपीखालची सावली आपोआप भरून निघते. शेतात, काळ्या मातीवर, ही सोय नाही. तिथे एक पांढरी चादर जमिनीवर अंथरली की काम होतं.

फॉल्स कलरही फसवतो, पण त्याची फसवण्याची जागा ठरलेली आहे. तुमच्या कॅमेऱ्यात तो नसेल आणि तारेनं जोडलेल्या बाहेरच्या मॉनिटरवर पाहत असाल, तर मॉनिटर रंग देतो तो त्याच्याकडे आलेल्या सिग्नलला. कॅमेरा लॉगमध्ये, म्हणजे फिक्या, दाबलेल्या चित्रात रेकॉर्ड करत असेल तर आकडे सरकतात. सोनीच्या S-Log3 मध्ये मध्यम राखाडी ४१ टक्क्यांवर येतो, पण पांढरा कागद फक्त ६१ वर. आणि सेन्सर भरतो तो ९४ च्या आसपास. म्हणजे ९९ टक्क्यांना लाल होणारी नेहमीची पट्टी लावली, तर राशी साफ जळाल्या तरी मॉनिटरवर लाल ठिपकाही उमटणार नाही. ही खूण ओळखायला सोपी आहे. लेन्स थेट सूर्याच्या चमकेकडे वळवा. तीही लाल होत नसेल तर पट्टी चुकीची आहे. अशा वेळी मॉनिटरच्या यादीतून त्या लॉगची पट्टी निवडायची. नसेल तर कॅमेऱ्यातला झेब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणावर उमटणाऱ्या तिरक्या रेघा, ‘९४ आणि वर’ असा लावायचा. रेघा आल्या की तिथला तपशील गेला.

एकदा प्रकाश ठरला की फॉल्स कलर बंद करायचा. त्या रंगीबेरंगी चित्रात माणूस कुठे पाहतोय हेसुद्धा कळत नाही. मी तो एका बटणावर ठेवला होता. ढग सरकला की दाबायचा, तळहात किंवा रास पाहायची, पुन्हा बंद.

आता फोकस. मऊ डोळे आणि धारदार टोपी हा पहिल्या दिवसाचा दुसरा घोटाळा फोकस पीकिंगचा होता.

पीकिंग चित्रातल्या कडा शोधतं. शेजारशेजारच्या बिंदूंत उजेड-अंधाराचा झटकन फरक असेल तर ती धार समजून तिथे रंगीत रेघ काढतं. ती वस्तू डोळा आहे की टोपी, हे त्याला माहीत नसतं. सावलीत, मऊ प्रकाशात हे चांगलं चालतं, कारण धारदार कडा मोजक्याच असतात. भर उन्हात प्रत्येक सावलीला कड, प्रत्येक दाण्याला चमक. पीकिंगची तीव्रता जास्त ठेवली तर अख्खं मिठागर लाल रेघांनी भरून जातं, जरासं फोकसबाहेर असलेलंही. त्यात पडद्यासाठी लहान केलेल्या चित्रावरून पीकिंग ठरत असेल तर मोठ्या पडद्यावर जे मऊ दिसणार आहे तेही इथे धारदार ठरतं. टोपीची कड तर उजळ आकाशावर काळी रेघ, म्हणून ती आधी रंगली. ती डोळ्यांच्या दहा सेंटीमीटर पुढे होती. ८५ मिमी लेन्सला दोन मीटरवर f/5.6 लाही साधारण १२ ते १५ सेंटीमीटरच जाडीचा पट्टा फोकसमध्ये राहतो. मी तर दोन स्टॉप उघडले होते, पट्टा जवळपास निम्मा झाला होता.

म्हणून उन्हात तीव्रता सगळ्यात कमी. सोनीत Peaking Level ‘Low’ वर, आणि तिथे पीकिंग दिसायला फोकस हातानं फिरवायच्या पद्धतीवर असावा लागतो. रंग असा, जो चौकटीत नाही. मिठागरात पांढरा निरुपयोगी, निळा पाण्यात आणि आभाळात हरवतो. मी लाल घेतला. पण एका बाई लाल साडीत पाटी घेऊन आल्या तेव्हा हिरव्यावर जावं लागलं.

मग रेघा चेहऱ्यावर पाहायच्या नाहीत, जमिनीवर पाहायच्या. फोकसची रिंग हळूहळू फिरवली की मिठाच्या दाण्यांवर रेघांचा एक आडवा पट्टा माझ्याकडून दूर सरकत जाताना दिसतो, भरतीची रेघ वाळूवर सरकावी तसा. तो काकांच्या पावलांच्या थोडा पुढे जाऊ द्यायचा, मग मागे आणायचा आणि पावलांशी थांबवायचा. कॅमेरा समपातळीत असेल तर पावलं पट्ट्यात म्हणजे काका पट्ट्यात. कॅमेरा उंचावरून खाली वाकवला असेल तर फोकसची पातळीही त्याच्याबरोबर कलते आणि पावलं बरोबर असूनही डोकं चुकतं. तेव्हा आणि जवळच्या चेहऱ्याला मी पीकिंगवर विसंबतच नाही. चित्र मोठं करून डोळ्याच्या पापण्या पाहतो. भुवईवरचा घाम उन्हात चमकून आधी रंगतो, त्याला भुलायचं नाही.

पट्टाच दिसत नसेल, सगळीकडे रेघाच रेघा असतील, तर बहुधा एनडी लावायचा राहिलाय आणि तुम्ही f/16 वर आहात. तिथे जवळपास सगळंच फोकसमध्ये असतं, पीकिंगला वेगळं काही दाखवायला उरत नाही. उलट चेहरा पूर्ण सावलीत असेल तर रेघ येतच नाही, म्हणून फोकस गेला असं समजू नये. शर्टाच्या बटणावर, गळ्यातल्या दोऱ्यावर पाहावं.

साडेपाचला ऊन कलल्यावर काकांनी चहाला घरी नेलं. ओसरीवर त्यांची नात अभ्यास करत होती, तोही शॉट हवा होता. पडद्याची उजळी आधी खाली आणली, एनडी काढला आणि नातीला म्हटलं, हात दाखव. काका चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, “गुलाबी झाला काय?” झाला नव्हता. खिडकी उघडायला लागली.